मागापाशी येऊन थांबणारं चित्र

शाळा मोबाइलवर भरायच्या त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. मी पुण्यातली नोकरी सोडून भंडाऱ्याला परत आले होते. घरोघरी आणि दुकानांतून इंटरनेटचं काम करायला लागून तेव्हा मला थोडाच काळ झाला होता. सुरुवातीला लोक फोन करायचे आणि बाईचा आवाज ऐकला की विचारायचे, "मिस्त्री आहे का घरी?" मीच मिस्त्री, असं सांगून मी गाडीला किक मारायचे. काम मला येत होतं आणि ते येतं हे मला माहीत होतं. त्यामुळे कुणाच्या प्रश्नाचं फार वाईट वाटून घेतलं नाही.

माझे बाबा टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते. खांबावर चढणं सुटलं तरी हात शिवशिवायचे. मी निघाले की तेही पक्कड खिशात टाकून मागच्या सीटवर बसायचे.

एका सकाळी मोहाडीकडच्या एका गावातून फोन आला. बोलणारी कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणाऱ्या घरातली सून होती. तिनं आधी गावाचा पत्ता नीट सांगितला आणि मग एका दमात बोलत सुटली.

"ताई, आमचं इंटरनेट नेमकं मागापाशीच मरते. दुकानात धावते, सैपाकघरात धावते, न् मागाच्या खोलीत गेलं का चित्र थांबते. अन् आता ती बाई म्हणून राहिली का तुमच्याकडे मागच नाही."

कोणती बाई, हे तिनं आम्ही घरी पोचल्यावर सांगितलं. प्रदर्शनं बंद पडली होती, गिऱ्हाईक दारात येत नव्हतं. म्हणून या सुनेनं व्हिडिओ कॉलवरून साड्या दाखवायला सुरुवात केली होती. दूरच्या एका शहरातल्या कापड दुकानाच्या मालकीण बाईंना तिचा कोसा आवडला. पण त्यांना हातमागाचाच माल हवा होता आणि आधी एकदा कुणीतरी यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून त्यांच्या गळ्यात मारलेलं होतं. त्यामुळे त्यांची अट होती की माग चालताना मला समोर दिसला पाहिजे. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ चालणार नाही, तो कुणाच्याही घरचा असू शकतो.

सुनेनं तीनदा प्रयत्न केला. समोरच्या दुकानाच्या खोलीत उभं राहून साड्या उलगडून दाखवल्या की सगळं स्वच्छ दिसायचं. मग ती बोलत बोलत फोन घेऊन अंगण ओलांडायची, मागाच्या खोलीत शिरायची आणि चित्र गोठायचं. आवाज तुटायचा आणि कॉल पडायचा. तिसऱ्या वेळी मालकीण बाईंनी निरोप पाठवला : दरवेळी मागापाशी गेल्यावरच तुमचं नेट जातं, हा योगायोग मला पटत नाही.

सुनेनं तो निरोप सासऱ्यांना वाचून दाखवला होता. सासरे म्हणजे त्या घरातले मुख्य विणकर. सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. आम्ही गेलो तेव्हा ते खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते, पण हात थांबलेले होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "जलमभर बसलो या खड्ड्यात. आता म्हणतेत का मागच नाही."

मला ते वाक्य लागलं. इंटरनेट हळू चालतं म्हणून लोक चिडतात, हे रोजचंच. पण इंटरनेट हळू चालतं म्हणून कुणाचं आयुष्यभराचं काम खोटं ठरावं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

घर लांबलचक होतं. रस्त्याला लागून दुकानाची खोली, तिथं फायबरची तार येत होती. त्यामागे राहत्या खोल्या आणि स्वयंपाकघर. मग अंगण. अंगणापलीकडे मागाची खोली, वर टिनाचं छप्पर, भिंती विटामातीच्या आणि हातभर जाड. गावातल्या मोबाइल टॉवरची रेंज त्या टिनाखाली जेमतेम पोचायची, म्हणून फोनच्या नेटवरही भागत नव्हतं.

त्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, नागपूरला कंपनीत होता. त्यानं मेश वायफायचा तीन डब्यांचा संच घेऊन दिला होता. पहिला डबा दुकानात फायबरच्या यंत्राला जोडलेला, दुसरा स्वयंपाकघराच्या फडताळावर, तिसरा मागाच्या खोलीत खिडकीपाशी. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत आणि दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत सगळं हवेतून. खोक्यावरच लिहिलं होतं की तारेची कटकट नाही.

"अन् हे पाहा," सुनेनं मागाच्या खोलीत फोन माझ्यासमोर धरला. "दांड्या पूर्ण आहेत. एक बी कमी नाही. मंग काहून अटकते?"

मी हसले नाही, कारण हा प्रश्न शहाण्यासुरत्या लोकांनाही पडतो. मी म्हणाले, "या दांड्या तुमचा फोन आणि हा खिडकीतला डबा यांच्यातल्या आहेत. डबा हाताच्या अंतरावर आहे, दांड्या पूर्ण दिसणारच. पण या डब्याकडे स्वतःचं इंटरनेट नाही. त्याला ते स्वयंपाकघरातल्या डब्याकडून मागावं लागतं, आणि त्याला दुकानातल्या. मधला तो रस्ता कसा आहे, ते फोन दाखवत नाही."

तो रस्ता मोजायचा, हे माझं पहिलं काम. मी दुकानात पहिल्या डब्याला तारेनं एक लॅपटॉप जोडला आणि त्याच्यापाशी बाबांना बसवलं. दुसरा लॅपटॉप घेऊन मी घरभर फिरले. दोन लॅपटॉपमध्ये घरातल्या घरात किती माल वाहतो, ते मोजणारा एक साधा प्रोग्राम असतो. त्यामुळे बाहेरच्या इंटरनेटला दोष द्यायची सोय राहत नाही. त्यांचं कनेक्शन सेकंदाला शंभर मेगाबिटचं होतं आणि दुकानात ते शंभराच्या आसपास मिळतही होतं. स्वयंपाकघरात आकडा निम्म्यावर आला. मागाच्या खोलीत दहा-बारा, मधेच दोन, मधेच काहीच नाही.

"आता पोरांना वर्ग बंद करायला सांगा," मी म्हणाले. नातवंडं मधल्या खोलीत दोन मोबाइलवर शाळा शिकत होती. त्यांनी आनंदानं बंद केलं. मागाच्या खोलीतला आकडा वीसच्या पुढे चढला. परत वर्ग सुरू केले, परत खाली आला.

मागावर बसलेले आजोबा इतका वेळ नुसते पाहत होते. आता ते म्हणाले, "पोरी, पोरं तिकडे शिकतेत, अन् इकडे काहून कमी होते?"

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. "काकाजी, या डब्यांत फोनशी बोलायला आणि एकमेकांशी बोलायला एकच रेडिओ आहे. एकाच वाटेवर एकावेळी एकच जण बोलू शकतो. तुमच्या सुनेच्या फोनचं चित्र या डब्यानं ऐकायचं, मग तेच पुन्हा स्वयंपाकघराकडे बोलायचं, मग तिथून तेच पुन्हा दुकानाकडे. एकच गोष्ट हवेत तीनदा. तेवढा वेळ पोरांचे मोबाइल थांबणार, आणि पोरं बोलताना हे थांबणार. त्यात ही भिंत जाड. आवाज नीट पोचत नाही, म्हणून डबे सावकाश, शब्द शब्द सुटा करून बोलतात. जितकं सावकाश, तितकी वाट जास्त वेळ अडते."

"मंग उपाय?"

"डब्या-डब्यांमधलं बोलणं हवेतून काढून तारेत घालायचं. मग हा डबा फक्त फोनशी बोलेल."

माझ्या पेटीत तयार केलेली एक लांब तार होती. ती मी दुकानातल्या डब्यापासून जमिनीवरून स्वयंपाकघरातल्या डब्यापर्यंत नेली आणि दोन्हीकडे खोचली. तिथून पुढे तार पुरत नव्हती. थोड्या वेळात मधल्या डब्यानं तार ओळखली. स्वयंपाकघरातला आकडा दुकानातल्या आकड्याच्या बरोबरीला आला आणि मागाच्या खोलीतलाही वाढला. पण पोरांचा वर्ग आणि अंगणापलीकडची भिंत यांच्यामुळे तो तिथं अजूनही उड्या मारत होता. कधी तीस, कधी एक. व्हिडिओला सतत वाहतं पाणी लागतं. एकावर आला की चित्र अडखळायचंच.

सुनेचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे अंगणातून बी तार टाकली का झालं!"

"झालं."

"भोक पाडा लागन का भितीले?" आजोबांनी विचारलं.

"हो. एक, बोटाएवढं."

"मंग नाही जमत."

ते उठले आणि मला मागाजवळ घेऊन गेले. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवलेला होता. कच्च्या मधाच्या रंगाचा कोसा, एकाशेजारी एक शेकडो धागे, आणि त्यावर हातभर विणून झालेलं कापड, काठाला गडद लाल. "हे धागे असे धूळ धरतेत," ते म्हणाले. "भितीची माती उडाली का धाग्यात बसते. मंग धागा घासते, तुटते. न् डाग जात नाही. ताणा उतरू द्या, मंग पाडा भोक."

"मामाजी, ताणा उतरला तर तिले दाखवाचं काय?" सून म्हणाली. "मालकीण बाईंनं या आठवड्याचीच मुदत देल्ली."

दोघांचंही बरोबर होतं. ताणा असताना भोक पाडता येत नव्हतं आणि ताणा नसताना भोक पाडून उपयोग नव्हता. त्यातच सुनेनं नवऱ्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "मॅडम, तारच टाकायची होती तर मेश कायले घेतला मंग? दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधात चवथा डबा लावून द्या ना अंगणात."

"चौथा डबा लावला तर तेच बोलणं हवेत आणखी एकदा होईल," मी म्हणाले. "भिंत थोडी सोपी होईल, पण वाट आणखी अडेल. तुमचा मेश वाया जात नाही. फोन घेऊन घरभर फिरलं तरी नाव एकच, पासवर्ड एकच, कॉल या डब्यावरून त्या डब्यावर जाणार, हे सगळं तसंच राहणार. फक्त डब्यांमधला रस्ता बदलायचा."

ते ऐकून तो म्हणाला, "मंग खिडकीतून घ्या तार."

खिडकी मी आधीच पाहिली होती. ती रोज रात्री लाकडी फळ्यांनी घट्ट बंद व्हायची, कारण उंदीर आणि कोसा एका घरात चालत नाहीत. दाराचंही तेच. छपराखाली एक झरोका होता, पण बरोबर मागाच्या वर, आणि त्यात वर्षानुवर्षांची जळमटं लोंबत होती. तिथं हात लावायचा विचारही आजोबांसमोर बोलायची माझी तयारी नव्हती.

मी बाहेरून भिंतीभोवती चक्कर मारली. मागाच्या दुसऱ्या टोकाला, आतल्या सुताच्या पेटीमागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीचा भाग ओलसर होता. अंगणातली नहाणी तिथंच होती. ओली माती उडत नाही. मी आत येऊन आजोबांना म्हणाले, "ड्रिल मशीन लावायचीच नाही. बाहेरच्या बाजूनं, पाणी टाकत टाकत, हातानं छिन्नी मारायची. आत शेवटचा तुकडा फुटेल तिथं ओल्या फडक्याचं बोचकं दाबून धरायचं. धुळीऐवजी चिखल निघेल. आणि सगळा वेळ मागावर ओली चादर."

"ओली नको," आजोबा लगेच म्हणाले. "कोसा ओला झाला तर ताण बदलते. कोरडी चादर, दोन पदरी. अन् आतून फडकं मी धरीन."

"तुम्ही?"

"मंग कोन? माझा ताणा हाय."

दुसऱ्या दिवशी तार, पाइप आणि छिन्नी घेऊन आम्ही परत गेलो. बाबा बाहेर उकिडवे बसून छिन्नी मारत होते, सून लोट्यानं पाण्याची धार धरत होती. आत आजोबा सुताची पेटी सरकवून भिंतीला टेकून बसले होते, हातात फडकं. दोन म्हातारे भिंतीच्या अल्याड-पल्याड, एकमेकांना न दिसता बोलत होते.

"आलं का भाऊ?"

"नाही अजून. हळू मारा."

"हळूच मारून राहिलो."

"अजून हळू."

छिन्नीचं टोक आत आलं तेव्हा आजोबांनी आतून अशी आरोळी दिली की स्वयंपाकघरातून पोरं धावत आली. फडक्यात गाऱ्याचा गोळा जमला होता. आजोबांनी आधी चादरीचा कोपरा उचलून ताण्यावर बोट फिरवलं, बोट चष्म्याजवळ नेऊन पाहिलं आणि मग म्हणाले, "साफ हाय."

तार आम्ही स्वयंपाकघरातल्या डब्यापासून पाइपात घालून अंगणाच्या वळचणीखालून नेली. बाबांचा आग्रह होता की विजेच्या वायरीपासून ती लांब ठेवायची, आणि तो बरोबरच होता. दोन्ही टोकांना मी कनेक्टर दाबले. तिसऱ्या डब्यात तार खोचली. दिवा लागला. लॅपटॉपवर आकडा आला नव्वदच्या वर आणि तिथंच स्थिर राहिला. पोरांचे वर्ग चालू होते, तरी हलेना.

सून टाळ्या वाजवायला लागली. मी मात्र आकड्याकडे पाहत राहिले.

"आता काय झालं?" बाबांनी विचारलं.

"या तारेतून हजारपर्यंत जायला पाहिजे, बाबा. शंभरावर जुळलीय."

"त्यायचं इंटरनेटच शंभरचं. चालते ना."

"चालतं. पण तारेत चार जोड्या आहेत आणि ती दोनच जोड्यांवर चाललीय. एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसलेली नाही. आज दोन जोड्यांवर चालते, उद्या त्यातलीही एखादी सैल झाली तर? मी इथून निघून गेलेली असेन."

बाबांनी पक्कड माझ्या हातात दिली. मी स्वयंपाकघराकडचं टोक कापलं, आठही तारा पुन्हा रंगांच्या क्रमानं सरळ केल्या, पुरत्या आत ढकलल्या आणि दाबल्या. या वेळी हजारावर जुळली. आता मनासारखं झालं.

नंतर आलेला एक डबा मात्र मी हवेतूनच ठेवला. स्वयंपाकघराच्या वर माडीवर पोरांना अभ्यासाला जागा करायची होती. त्यासाठी मुलानं नागपूरहून आणखी एक डबा पाठवला. मधल्या डब्यापासून माडी सरळ वर होती, मध्ये फक्त लाकडी फळ्या. मोजून पाहिलं तर वर साठ-सत्तर सहज येत होतं. पोरांच्या वर्गाला ते भरपूर होतं. तिथं तार ओढणं म्हणजे हौस झाली असती.

मालकीण बाईंचा कॉल त्या आठवड्याच्या अखेरीस ठरला. सुनेनं मला आणि बाबांना बोलावलं होतं. खरं तर आमचं तिथं काही काम नव्हतं, पण आम्ही गेलो. मी मागाच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले.

सून दुकानात उभी राहून नमस्कार म्हणाली. एकही साडी न उचलता ती सरळ चालू लागली. स्वयंपाकघर, अंगण, मागाच्या खोलीचा उंबरठा. फोन डब्यावरून डब्यावर गेला तेव्हा चित्र अगदी किंचित हललं आणि परत स्थिर झालं. आजोबा मागावर बसलेले होते. स्वच्छ धोतर, डोक्याला पांढरी टोपी. त्यांनी फोनकडे पाहिलंच नाही. पायानं पावडी दाबली, आडवा धागा नेणारा धोटा या हातातून त्या हातात गेला, फणी ठोकली. पुन्हा धोटा. खोलीभर तो ठोका घुमत होता आणि फोनमधून पलीकडे जात होता.

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. सुनेच्या चेहऱ्यावर भीती आली. तिला वाटलं, परत गोठलं. मी तिला बोटानं दाखवलं की चालू आहे.

मग बाई हिंदीत बोलल्या. "दादाजी, एक धागा तोड़कर जोड़ सकते हैं?"

आजोबांचे हात थांबले. ताण्यातला धागा मुद्दाम तोडणं कुठल्याच विणकराला आवडत नाही. त्यांनी मान वर करून पहिल्यांदाच फोनकडे पाहिलं. मग एक धागा निवडला आणि नखानं तोडला. दोन्ही टोकं बोटांच्या चिमटीत घेतली, थुंकीनं ओलावली, पीळ दिला, गाठ मारली. हे सगळं करताना त्यांनी धाग्याकडे पाहिलंही नव्हतं. सुनेनं फोन जवळ नेला, तेव्हा त्यांनी गाठीवर बोट ठेवलं.

"दिसते का?" त्यांनी मराठीतच विचारलं.

"दिखता है," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आणखी एक वाक्य म्हटलं. "दादाजी, मुझे माफ़ कीजिए."

आजोबांनी नुसती पुन्हा पावडी दाबली. पण त्या दुपारी आमची ताटं वाढली गेली तेव्हा ते स्वतः वाढायला उठले. सून म्हणाली की असं याआधी तिनं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या ताटात तिसऱ्यांदा भात पडला तेव्हा मी हात आडवा धरला. ते म्हणाले, "खा ना पोरी. तार ओढाले ताकद लागते."

मालकीण बाईंचं आणि त्या घराचं पुढे जमलं. टाळेबंदी उठल्यावर त्या स्वतः येऊन माग पाहून गेल्या. त्या गावातून मलाही कामं मिळाली आणि आता फोनवर मिस्त्री घरी आहे का असं तिथलं कुणी विचारत नाही.

बाबांचं मात्र त्या दिवसापासून एकच म्हणणं झालंय. कुणीही विचारलं की सांगतात, हवेवर भरोसा ठेवू नका, तार ओढा. आमच्या स्वतःच्या घरी दोन डबे आहेत, दोघांच्या मध्ये एकच खोली, दार सताड उघडं, आणि ते हवेतूनच उत्तम चालतात. मी त्यांना आकडा काढून दाखवते. ते आकडा पाहतात, बरं म्हणतात आणि पुढच्या रविवारी परत तारेचं बंडल कुठं ठेवलं ते विचारतात.